केशरी होण्याआधीच

जूनच्या अखेरीस नागपूरहून भाचीचा फोन आला. एप्रिलच्या मध्यावर तिनं व्हिटॅमिन सीचं सीरम ऑनलाइन मागवलं होतं. बाटली तीस मिलिलिटरची, वर ड्रॉपर, प्रमाण पंधरा टक्के. रोज सकाळी चार थेंब चेहऱ्याला, त्यावर सनस्क्रीन, असा तिचा नेम. दहा आठवडे झाले आणि बाटली अर्धी उरली. "मावशी, उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडायला लागलेत. सीरमचेच असतील का?" तिनं विचारलं.

मी तिला म्हटलं, पांढऱ्या बशीत एक थेंब टाक आणि फोटो पाठव. बाटली तपकिरी काचेची होती, त्यामुळे आतलं द्रव्य कसं दिसतंय हे तिला बाहेरून कळलंच नव्हतं. फोटोत बशीतला थेंब कोऱ्या चहासारखा केशरी दिसत होता. "एक्स्पायरी तर पुढच्या वर्षाची आहे गं!" ती म्हणाली. तारीख खोटी नव्हती. पण ती बंद बाटलीची होती, आणि भाचीची बाटली सत्तर दिवसांत सत्तर वेळा उघडली गेली होती.

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे हमखास येतात. बहुतेकांना वाटतं, केशरी झालं त्या दिवशी सीरम बिघडलं. तसं नसतं. रंग दिसतो तो बऱ्याच उशिरा. बिघाड सुरू झालेला असतो झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हापासून, कधी कधी त्याच्याही आधीपासून.

पाण्यात उतरलं की सुरू होतं

व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. कोरडं असताना ती पांढरी, आंबट भुकटी असते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ती दीर्घकाळ टिकते. पाण्यात विरघळली की मात्र तिची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते. हे घरातही दिसतं. लिंबाचा रस काढून बाटलीत भरून ठेवला, की काही आठवड्यांत तो आधी पिवळट आणि मग तपकिरी होतो. त्यामागच्या प्रक्रियांमध्ये व्हिटॅमिन सीच्या मोडतोडीचा मोठा वाटा असतो.

गंमत अशी, की या जीवनसत्त्वाचा शोधही तपकिरी रंगाच्याच पाठलागातून लागला. हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना प्रश्न पडला होता, की कापलेलं सफरचंद काळं पडतं, मग लिंबू-संत्र्याचं तसं का होत नाही? त्या फळांच्या रसात काळं पडणं लांबवणारा एक पदार्थ त्यांना आढळला. १९२८च्या सुमारास त्यांनी तो वेगळा काढला, आणि पुढं तेच व्हिटॅमिन सी असल्याचं सिद्ध झालं. १९३७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. दुसऱ्याचं काळं पडणं थांबवताना हा पदार्थ स्वतः खर्ची पडतो. त्वचेला त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे, आणि बाटलीत तो संपतो तोही याच गुणामुळे.

मग पाण्यात विरघळवायचंच कशाला? कारण त्वचेत शिरायला त्याला तेच रूप लागतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली डुकराच्या त्वचेवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. द्रावणाची आम्लता पीएच ३.५ च्या खाली असेल तरच ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत नीट शिरतं, आणि वीस टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून फायदा होत नाही, असं त्यांना दिसलं. सीरम किंचित चुरचुरतं ते या आम्लतेमुळे. तीच आम्लता त्याला टिकवायलाही मदत करते. आम्लता कमी झाली तर व्हिटॅमिन सी आणखी लवकर ऑक्सिजनला बळी पडतं. म्हणूनच घरी पाण्यात भुकटी कालवून, चुरचुरू नये म्हणून वर चिमूटभर खायचा सोडा टाकण्याचा उपाय घातक ठरतो. चुरचुर थांबते, आणि व्हिटॅमिन सीही थांबत नाही.

केशरी रंग येतो कुठून?

ही मोडतोड टप्प्याटप्प्यानं होते. ते टप्पे कळले, की रंगावर किती विसंबायचं तेही कळतं.

पहिल्या टप्प्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड आपल्याजवळचे दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि त्याचं डीहायड्रो-ॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. इथून परत फिरता येतं. योग्य सोबत मिळाली तर ते पुन्हा मूळ रूपात येऊ शकतं. आणि महत्त्वाचं म्हणजे या टप्प्यावर डोळ्यांना दिसेल असा रंग येत नाही. सीरम पाण्यासारखं स्वच्छ दिसत असतं, पण आतला माल कमी होत असतो.

दुसऱ्या टप्प्यात पाण्यामुळे त्या रेणूचं कडं उघडतं. तयार होतं डायकीटोग्युलोनिक ॲसिड. आता परतीची वाट बंद. दूध नासलं, की त्याचं पुन्हा दूध होत नाही, तसंच हे.

तिसऱ्या टप्प्यात या उघडलेल्या रेणूचे तुकडे पडतात, आणि ते तुकडे एकमेकांशी जोडले जाऊन रंगीत संयुगं तयार होतात. ही संयुगं प्रकाशातला निळा भाग शोषतात, म्हणून द्रव्य आपल्याला पिवळं दिसतं. त्यांची संख्या वाढत गेली की केशरी, आणि शेवटी तपकिरी. या तुकड्यांपैकी एक म्हणजे एरिथ्रुलोज. ऊन न खाता कातडी सावळी दिसावी म्हणून पाश्चात्त्य देशांत जी क्रीम्स विकतात, त्यांतल्या काहींत हाही पदार्थ वापरतात. त्वचेच्या वरच्या थरातल्या प्रथिनांशी त्याची प्रक्रिया होऊन तांबूस-तपकिरी रंग चढतो. जुनं सीरम लावल्यावर नखांच्या कडा आणि चेहऱ्यावरची रंध्रं पिवळट का दिसतात, याचं उत्तर बरंचसं इथं आहे.

म्हणजे पहिला टप्पा बिनरंगी, दुसराही जवळपास बिनरंगी, आणि रंग तिसऱ्या टप्प्यात. धूर दिसला तेव्हा आग आधीच लागलेली असते, तसा हा केशरी रंग.

इथं एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. काही सीरममध्ये तांदळाच्या कोंड्यातही सापडणारं फेरुलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन ई घालतात. पिनेल यांच्याच गटानं २००५ साली दाखवलं, की पंधरा टक्के सी आणि एक टक्का ई यांच्या जोडीला अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं, तर द्रावण अधिक टिकतं आणि उन्हापासून मिळणारं संरक्षण चारपटीवरून आठपटीपर्यंत जातं. अशी सीरम ताजी असतानाही फिकट पिवळसर असू शकतात. काहींत संत्र्याचा अर्क किंवा रंगच घातलेला असतो. त्यामुळे "पिवळं म्हणजे खराब" असा सरसकट नियम करता येत नाही. तुलना करायची ती आपल्याच बाटलीच्या पहिल्या दिवसाच्या रंगाशी.

बाटलीतली हवा

आता भाचीच्या बाटलीचा हिशोब मांडू या, कारण सगळी गोष्ट त्या हिशोबात आहे.

तीस मिलिलिटरमध्ये पंधरा टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम, अर्थात ४,५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. नव्या बाटलीत द्रव्याच्या वर साधारण तीन मिलिलिटर हवा असते असं धरू. हवेचा एकवीस टक्के भाग ऑक्सिजन. तेवढा सगळा ऑक्सिजन कामी आला, आणि ऑक्सिजनच्या एका रेणूनं व्हिटॅमिन सीचा एक रेणू संपवला असं मानलं, तर साडेचार मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी जाईल. ४,५०० मधले साडेचार म्हणजे हजारात एक. नगण्यच.

बाटली अर्धी झाली की चित्र बदलतं. आता हवा पंधरा मिलिलिटर आणि उरलेलं व्हिटॅमिन सी २,२५० मिलिग्रॅम. तोच हिशोब केला तर हवेच्या एका भरीत तेवीस मिलिग्रॅम जाऊ शकतं, म्हणजे शंभरात एक. तळाशी पाच मिलिलिटर उरलं, की वर पंचवीस मिलिलिटर हवा आणि खाली फक्त ७५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. आता एका भरीत शंभरातलं पाच जाऊ शकतं.

रोज झाकण उघडलं, की जुनी हवा बाहेर आणि ताजी आत. सगळा ऑक्सिजन दरवेळी द्रव्यात उतरत नाही, म्हणून हे आकडे वरची मर्यादा सांगतात. पण दिशा स्पष्ट आहे. नव्या बाटलीपेक्षा तळाशी आलेल्या बाटलीवर हवेचा मारा पन्नासपट असतो. म्हणून सीरम सुरुवातीला बरेच दिवस तसंच राहिल्यासारखं वाटतं आणि मग भराभर रंग धरतं.

याच हिशोबाची दुसरी बाजूही पाहा. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. रोजचे चार थेंब धरले तर तीस मिलिलिटरची बाटली दीडशे दिवस पुरते, म्हणजे पाच महिने. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडचं पाण्यातलं सीरम उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. बाटलीचा आकार आणि आपला वापर यांचा मेळच बसत नाही. पंधरा मिलिलिटरची बाटली पंच्याहत्तर दिवसांत संपते. मोठी बाटली स्वस्त पडते असं वाटतं खरं, पण तिचा उरलेला अर्धा भाग आपण पैसे देऊन घेतलेलं केशरी पाणी असतं.

काच, ड्रॉपर आणि पंप

बाटली निवडताना दोन प्रश्न विचारायचे. प्रकाश आत येतो का? आणि हवा आत येते का?

प्रकाशासाठी तपकिरी काच चांगली, कारण ती अतिनील किरणांबरोबर निळा प्रकाशही बऱ्याच अंशी अडवते. निळी काच दिसायला औषधी वाटते, पण नेमका निळाच प्रकाश आत सोडते. पारदर्शक बाटली घेतलीच, तर तिचा पुठ्ठ्याचा खोका फेकू नये. बाटली रोज त्यातच ठेवावी.

हवेचा प्रश्न अधिक अवघड. काचेतून हवा शिरत नाही, पण ड्रॉपरच्या वरची रबरी टोपी हवेला पूर्ण अडवत नाही, आणि ती सिलिकोनची असेल तर ऑक्सिजन तिच्यातून सहज जातो. त्यात आपली सवय अशी, की ड्रॉपर आत बुडवून टोपी दोन-चार वेळा दाबायची. दर दाबाबरोबर हवेचे बुडबुडे थेट द्रव्यात जातात. नळीचं टोक चेहऱ्याला लावून परत बाटलीत बुडवलं, तर त्वचेवरचे जंतूही आत जातात.

एअरलेस पंप यावर चांगला उपाय आहे. त्याच्या तळाशी सरकती चकती असते किंवा आत मऊ पिशवी असते. आपण पंप दाबला, की द्रव्य बाहेर येतं आणि रिकामी झालेली जागा हवेनं न भरता चकती वर सरकते किंवा पिशवी आकसते. बाटली अर्धी झाली तरी आत पंधरा मिलिलिटर हवा साठत नाही, म्हणजे मघाचा हिशोबच बदलतो. पण हा पंपही अमर नाही. तो बहुधा प्लॅस्टिकचा असतो, आणि प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो. तोटीच्या टोकाशी राहिलेला थेंब हवेत उघडा असतो, तो आधी रंगतो. काही दिवसांच्या खंडानंतर पंप वापरताना पहिला थेंब पुसून टाकावा. रंग दिसत नाही, म्हणून अधूनमधून बशीची परीक्षा पंपाच्या बाटलीचीही करावी.

भुकटी आणि द्रव वेगळे देऊन वापरताना मिसळायला सांगणारी पाकिटंही मिळतात. मिसळण्यापूर्वी भुकटी कोरडी असते, त्यामुळे ती शाबूत राहते. मिसळल्यावर मात्र घड्याळ सुरू होतं.

धातूंबद्दल आपल्या आजी-पणजींच्या स्वयंपाकघरात एक नियम होता: तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट ठेवायचं नाही. तांबं अन्नात उतरतं हे त्याचं मुख्य कारण. पण तांबं आणि लोखंड यांचे अगदी थोडे अंशही ॲस्कॉर्बिक ॲसिडच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात. म्हणून सीरम बनवताना शुद्ध पाणी लागतं आणि धातूंना बांधून ठेवणारा ईडीटीएसारखा पदार्थ अनेकदा घातलेला असतो. घरी नळाच्या पाण्यात बनवलेलं सीरम लवकर रंगतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

एप्रिलमधला कुरिअर

हवेच्या जोडीला उष्णता येते. रसायनशास्त्रातला एक स्थूल नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. फ्रीजमधले पाच अंश आणि नागपूरच्या उन्हाळ्यातले पंचेचाळीस अंश यांत चाळीस अंशांचं अंतर आहे, म्हणजे चार वेळा दुप्पट: सोळापट. भाचीचं पार्सल तीन दिवस तापलेल्या गाडीत आणि गोदामात राहिलं असेल, तर फ्रीजच्या मानानं ते अठ्ठेचाळीस दिवस जुनं होऊन तिच्या हातात पडलं. त्यानंतर तिनं बाटली न्हाणीघरात, गीझरशेजारच्या फळीवर ठेवली. बाटली पोचायच्या आधीच निम्मी लढाई हरलेली होती, उरलेली तिथं हरली.

बंद बाटलीतही उष्णता काम करते. ऑक्सिजन जवळपास नसतानाही ॲस्कॉर्बिक ॲसिड हळू मोडतं. त्यामुळे न उघडलेली बाटली आयतीच पिवळी निघाली, तर ती नाकारावी.

म्हणून असं सीरम भर उन्हाळ्यात लांबून मागवू नये. मागवलंच तर आल्या दिवशी बशीत थेंब टाकून बघावं. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात ठेवावी, कारण दार उघडताना तिथलं तापमान सारखं हलतं. झाकण घट्ट आणि बाटली उभी असावी, म्हणजे आम्ल द्रव्य रबरी टोपीला लागत नाही. कोकण-गोव्याच्या दमट हवेत थंड बाटलीवर लगेच दव धरतं. बाहेर काढली की पुसावी, थेंब घ्यावेत आणि ताबडतोब परत ठेवावी.

कपाटातली परीक्षा

रंग उशिरा बोलतो, मग आधी कळायचं कसं? शाळेच्या प्रयोगशाळेत लिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी ज्या पद्धतीनं मोजतात, ती घरीही करता येते. जखमेला लावायचं दहा टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीनचं औषध औषधाच्या दुकानात मिळतं. व्हिटॅमिन सी आयोडीनचा तपकिरी रंग घालवतं. आधीच मोडलेलं व्हिटॅमिन सी ते करू शकत नाही.

काचेच्या लहान वाटीत दोन चमचे पाणी आणि निवलेल्या भाताच्या पेजेचे काही थेंब घ्या. त्यात सीरमचा एकच थेंब टाका. मग ड्रॉपरनं आयोडीनचं औषध एकेक थेंब घालून हलवत जा. सुरुवातीला रंग येतो आणि नाहीसा होतो. व्हिटॅमिन सी संपलं, की पेजेतला स्टार्च आयोडीनला धरतो आणि निळा-काळा रंग टिकून राहतो. तोवर किती थेंब लागले ते लिहून ठेवा. पंधरा टक्क्यांच्या ताज्या सीरमच्या एका थेंबाला हे औषध साधारण वीस-बावीस थेंब लागायला हवं. ड्रॉपरप्रमाणे थेंब लहान-मोठे होतात, म्हणून खरी तुलना दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी न करता आपल्याच पहिल्या दिवसाच्या आकड्याशी करायची, तोच ड्रॉपर वापरून. पहिल्या दिवशी बावीस लागले आणि दोन महिन्यांनी अकरा, तर निम्मं व्हिटॅमिन सी गेलं, मग रंग अजून फिकट असो.

या परीक्षेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सीरममधले इतर अँटिऑक्सिडंटही थोडं आयोडीन खाऊ शकतात, त्यामुळे उत्तर ढोबळ मिळतं. वेष्टणावर नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड न लिहिता ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड किंवा सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट अशी नावं असतील, तर ती व्हिटॅमिन सीची बांधून ठेवलेली रूपं आहेत. ती जास्त टिकतात, सहसा केशरी होत नाहीत आणि आयोडीनला दादही देत नाहीत. पण त्वचेत जाऊन त्यांना आधी सुटं व्हावं लागतं. त्यांना ही परीक्षा लावू नये. परीक्षेचं द्रव्य चेहऱ्याला लावू नये, ओतून द्यावं.

भाचीकडे पहिल्या दिवसाचा आकडा नव्हता, तरी मी तिला परीक्षा करायला लावली. सहा थेंबांतच निळा रंग टिकला. बाटलीवरच्या पंधरा टक्क्यांपैकी तिच्या चेहऱ्यावर किती पोचत होतं, याचं उत्तर तिला त्या वाटीत दिसलं.

हे सीरम विष झालं का, असंही तिनं विचारलं. नाही. पण ज्या कामासाठी ते घेतलं होतं ते काम त्यातून होणार नाही, त्वचेवर आणि कपड्यांवर डाग पडतील, आणि नाजूक त्वचेला त्रासही होऊ शकेल. उरलेलं अंगाला लावून संपवण्यातही अर्थ नाही. ते टाकून द्यावं.

पुढची बाटली घ्याल तेव्हा लहान घ्या, पंधरा मिलिलिटरची. जमल्यास अपारदर्शक एअरलेस पंपाची. उत्पादनाची तारीख बघा, जितकी अलीकडची तितकी बरी. ज्या दिवशी उघडाल, ती तारीख मार्करनं बाटलीवर लिहा. त्याच दिवशी पांढऱ्या बशीत एक थेंब टाकून फोटो काढून ठेवा. वेष्टणावर छापलेली तारीख कारखान्याची असते. बाटली उघडल्यानंतरची तारीख तुमच्याखेरीज कुणीच लिहिणार नाही.